दरपत्रक तपासायचं तर बिल काढून बघा

(जाहिरात विभागात काम करणाऱ्यांसमोर झालेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

सुरुवातीला तुम्हा सगळ्यांना एक कागद वाटला होता. एका काल्पनिक मासिकाचं दरपत्रक आणि खाली एक ऑर्डर. दरपत्रकावर मोजून पाच ओळी. पूर्ण पान १०००. रंगीत छपाईला २० टक्के जादा. विशेष जागेला २५ टक्के जादा. तीन किंवा अधिक वेळा जाहिरात दिल्यास १० टक्के सूट. एजन्सी कमिशन १५ टक्के. आकडे सुटे धरा, चलन कुठलंही चालेल. ऑर्डर अशी होती: रंगीत पूर्ण पान, विशेष जागेवर, तीन अंकांत, एजन्सीमार्फत. एका अंकाचं बिल किती?

मी तुमची उत्तरं गोळा केली. एकूण चार आली: १०८७.५०, ११०९.२५, ११४७.५० आणि ११९०. गणित कोणाचंही चुकलेलं नाही, मी तपासून पाहिलं. चुकलाय तो कागद.

दरपत्रक तपासायचं म्हणजे नेमकं काय करायचं, तर एवढंच करायचं. आपण सहसा काय करतो? शुद्धलेखन बघतो, आकडे गेल्या वर्षीच्या फाइलशी ताडून पाहतो आणि सही करतो. पण दरपत्रक ही वाचायची गोष्टच नव्हे. दोन अनोळखी माणसांनी एकमेकांशी न बोलता त्यावरून बिल काढलं, तर एकच रक्कम यायला हवी. येत नसेल, तर कुठल्या ओळीवर वाट फुटली ते शोधायचं. आपल्या कागदावर ती तीन ठिकाणी फुटली.

पहिली फाटाफूट जादा आकारणीवर. २५ टक्के जादा हे खरं, पण कशावर? मूळ १००० वर धरले तर रंगाचे २००, जागेचे २५०, एकूण १४५०. रंग धरून झालेल्या १२०० वर धरले तर जागेचेच ३०० होतात आणि एकूण १५००. दोन्ही वाचनं प्रामाणिक आहेत. गंमत अशी की विकणाऱ्याच्या डोक्यात १५०० असतात आणि विकत घेणाऱ्याच्या डोक्यात १४५०, आणि दोघांनाही आपलंच वाचन स्वाभाविक वाटतं.

दुसरी फाटाफूट सुटीवर. दहा टक्के सूट मूळ दरावर की जादा आकारणीसकट सगळ्या रकमेवर? ज्यांनी १५०० मधून फक्त मूळ हजारावरचे १०० काढले, त्यांचे कमिशननंतर ११९० झाले. बऱ्याच ठिकाणी विशेष जागेच्या अधिभारावर सूट देत नाहीत, कारण ती जागा अंकात एकच असते आणि ती विकायला सवलतीची गरज पडत नाही. हे धोरण ठीक आहे. पण ते विक्रेत्याच्या मनात असून भागत नाही, कागदावर यायला हवं.

तिसरी फाटाफूट सूट आणि कमिशन यांच्यात. काहींनी १० आणि १५ ची बेरीज करून २५ टक्के वजा केले, म्हणून १४५० चे १०८७.५० झाले. काहींनी आधी १० टक्के काढले, मग उरलेल्यावर १५, आणि उत्तर आलं ११०९.२५. इथे एक गैरसमज नेहमी ऐकू येतो, म्हणून थोडं थांबतो. ‘आधी सूट की आधी कमिशन’ यावर लोक तावातावानं भांडतात. दोन्ही टक्केवाऱ्या एकामागून एक त्याच रकमेवर लागणार असतील, तर क्रमाने काहीच फरक पडत नाही. दहा आधी काढा की पंधरा आधी काढा, शेवटी ७६.५ टक्केच उरतात. फरक पडतो तो बेरीज केली तर, किंवा दोन टक्केवाऱ्यांचा आधार वेगवेगळा असला तर. म्हणून क्रमापेक्षा आधार लिहा. कशावर किती, हे आलं की निम्मी भांडणं मिटतात.

आता ११४७.५० हे उत्तर बघा. ते दोन वाटांनी येतं. एकाने १५०० धरले, त्यातून १० टक्के काढले, झाले १३५०. दुसऱ्याने १४५० धरले, फक्त मूळ हजारावरची सूट म्हणजे १०० काढले, त्याचेही १३५०. पुढे कमिशन वजा जाता दोघांचे ११४७.५०. तपासणाऱ्याला हे सगळ्यात फसवं असतं. दोघांचं उत्तर जुळलं, म्हणून तो ओळीवर बरोबरची खूण करून पुढे जातो. त्याच दोघांना विशेष जागा काढून टाकून नुसतं रंगीत पान द्या. पहिल्याचे १२०० मधून १२० जाऊन १०८० होतात, दुसऱ्याचे १०० जाऊन ११००. कमिशननंतर ९१८ आणि ९३५. म्हणून एका ऑर्डरवर कधीच थांबू नका. एक ऑर्डर सगळ्या अटी लागू होणारी घ्या, आणि मग एकेक अट काढत त्याच कागदावरून पुन्हा बिल काढा. आणि नुसती रक्कम नको, पायऱ्याही मागा.

या कागदाची दुरुस्ती काय? चार छोटी वाक्यं. ‘रंग आणि विशेष जागा यांची जादा आकारणी प्रत्येकी मूळ दरावर. मूळ दर आणि जादा आकारणी यांची बेरीज म्हणजे ढोबळ रक्कम. सूट ढोबळ रकमेवर, कमिशन सूट वजा जाता उरलेल्या रकमेवर. कर वेगळा आणि शेवटी.’ आणि त्याखाली, आपण आत्ता काढलं तसं, एका ऑर्डरचं बिल पायऱ्यांसकट छापायचं. वाक्याबद्दल वाद झाला तर ते उदाहरण निकाल देतं.

कमिशनबद्दल आणखी एक. छापलेला दर कमिशन धरून आहे की वगळून, हे लिहायलाच हवं. हाती ८५० येतात, त्यांना १५ टक्के जोडले की ढोबळ दर मिळेल असं समजून चालणारे मी पाहिलेत. ८५० ला १५ टक्के जोडले की ९७७.५० होतात, हजार होत नाहीत. हजारावर पोचायला १७.६५ टक्के जोडावे लागतात. ज्या विभागात हा घोळ होतो, तिथे तो एकदा होत नाही. प्रत्येक बिलात होतो.

‘तीन किंवा अधिक वेळा’ या शब्दांतही पोट आहे. तीन वेळा किती काळात? पहिल्या जाहिरातीपासून बारा महिन्यांत, की चालू वर्षात? तिन्ही वेळा आकार तोच लागतो का? सूट पहिल्या जाहिरातीपासून, की तिसरीपासून? आणि तीन कबूल करून दोनच दिल्या, तर आधी दिलेली सूट परत मागायची का? मागायची असेल तर ते आधीच छापलेलं हवं. नंतर मागितलेला फरक ग्राहकाला दंडासारखा वाटतो. टप्पे लिहितानाही जपा. ‘३ ते ६ वेळा १० टक्के, ६ ते १२ वेळा १५ टक्के’ असं लिहिलं की सहा जाहिराती देणाऱ्याला दोन सुटी मिळतात, आणि तो कोणती मागेल हे सांगायला नको.

आता आकार. मी नवीन असताना एका मासिकासाठी ‘अर्धं पान’ बुक केलं होतं. आमच्या डिझायनरने उभं अर्धं पान केलं, मासिकाला आडवं हवं होतं. अंतिम तारखेच्या संध्याकाळी हे कळलं, आणि ती जाहिरात रातोरात मोडून पुन्हा लावली. त्या दरपत्रकावर शब्द होता, माप नव्हतं. माप असलं तरी ‘१८ गुणिले १३’ यात रुंदी कोणती? रुंदी आधी, उंची नंतर, हे कागदावर एकदा सांगून टाका, आणि शेजारी पानाचं छोटं रेखाचित्र द्या.

वर्तमानपत्रात दर कॉलम सेंटिमीटरचा आहे की चौरस सेंटिमीटरचा, हा नेहमीचा खड्डा. समजा कॉलम ४ सेंटिमीटर रुंद आणि दोन कॉलमांमधली फट अर्ध्या सेंटिमीटरची. दोन कॉलम रुंद, १० सेंटिमीटर उंच जाहिरात कॉलम सेंटिमीटरच्या हिशोबात २० भरते. चौरस सेंटिमीटरात मात्र ती ८० नाही, ८५ आहे, कारण फटही जाहिरातीच्या पोटात जाते. ज्याने ८० धरून अंदाजपत्रक दिलं, त्याला ती पाचाची तूट बिल आल्यावर कळते. आकाराच्या तक्त्यात प्रत्येक कॉलमसंख्येची खरी रुंदी छापा, म्हणजे कोणाला गुणाकार करावाच लागणार नाही.

मासिकाच्या पूर्ण पानाला तीन मापं लागतात. ए४ आकाराचं मासिक असेल तर कापून झालेलं पान २१० बाय २९७ मिलिमीटर. चित्र कडेपर्यंत जाणार असेल तर चारी बाजूंना ब्लीड, म्हणजे कापण्यात जाणारा जादा भाग, साधारण ३ मिलिमीटर, म्हणजे फाइल २१६ बाय ३०३ ची. आणि मजकूर कडेपासून किती आत ठेवायचा ते तिसरं माप. नुसतं ‘ए४’ लिहिलं की अर्ध्या फाइली ब्लीडशिवाय येतात आणि कापताना कडेला पांढरी रेघ दिसते.

मुदती. दरपत्रकावर एकच ‘अंतिम मुदत’ दिसली की मी तिथे लाल पेन टेकवतो. जागा बुक करण्याची, आर्टवर्क पोचवण्याची आणि रद्द करण्याची अशा तीन वेगळ्या मुदती असतात. आणि ‘प्रकाशनाच्या पाच दिवस आधी’ म्हणजे कधी? समजा अंक १५ तारखेच्या सोमवारी निघतो आणि शनिवार-रविवार कार्यालय बंद असतं. कॅलेंडरचे दिवस मोजले तर १० तारीख, बुधवार. कामाचे दिवस मोजले तर ८ तारीख, सोमवार. प्रकाशनाचा दिवसही मोजणीत धरला तर ९. मधे एखादी सुट्टी आली तर उत्तर आणखी मागे, शुक्रवारी ५ तारखेवर. एका वाक्यातून चार तारखा. त्यातून मासिकावर छापलेला महिना आणि अंक विक्रीला येण्याची तारीख एक नसते, तेव्हा ‘प्रकाशन’ हाच शब्द डळमळतो.

याला नियम घट्ट करत बसणं हा उपाय नाही. तारखा मोजून आपणच छापायच्या. वर्षभराच्या अंकांचा तक्ता, प्रत्येक अंकापुढे तिन्ही मुदती, वार आणि वेळेसकट. ‘मध्यरात्रीपर्यंत’ लिहू नका, कारण दहा तारखेची मध्यरात्र म्हणजे दहा सुरू होतानाची की संपतानाची, हे दोन माणसं दोन तऱ्हेने सांगतील. ‘बुधवार, १० तारीख, संध्याकाळी ५’ असं लिहा. आणि मुदत चुकली तर काय, तेही तिथेच: जागा गेली, की जुनी जाहिरात पुन्हा छापणार, की जागा रिकामी ठेवून पूर्ण आकारणी?

प्रश्नोत्तरांत कोणीतरी चिठ्ठी दिली आहे: ‘दर वाढले तेव्हा आधी बुक केलेल्या जाहिरातीला कोणता दर?’ चांगला प्रश्न, कारण आपल्या कागदावर याचं उत्तर नाही. कागदावर तारीखच नाही. प्रत्येक पानाच्या तळाशी ‘अमुक तारखेपासून लागू’ हवं, आणि बुकिंगच्या दिवशीचा दर लागतो की प्रकाशनाच्या दिवशीचा, हेही. माझं मत विचाराल तर बुकिंगच्या दिवशीचा, पण एका मर्यादेपर्यंत. नाहीतर दरवाढीच्या आदल्या दिवशी लोक पुढच्या वर्षाची सगळी पानं बुक करून ठेवतात. मर्यादा किती ते तुम्ही ठरवा. तीन अंक म्हणा, चार म्हणा. मग त्या ओळीवरून दोघांना वेगवेगळं बसवून बिल काढायला सांगा.