जॉइनिंग फॉर्मच्या तळाशी केलेली ती सही

नमस्कार श्रोतेहो. नोकरी लागली की पहिल्या दिवशी हातात चार पानांचा जॉइनिंग फॉर्म येतो. शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत एक ओळ असते: "माझी माहिती कंपनीला योग्य वाटेल त्या कारणासाठी वापरण्यास व कोणालाही देण्यास माझी संमती आहे." खाली सही. अनेक वर्षं एचआरमध्ये काम केल्यावर मी खात्रीने सांगते, या ओळीवर कंपनीनेही विसंबू नये आणि कर्मचाऱ्यानेही तिला घाबरू नये.

आपल्याकडे 2023 साली डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा झाला. त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले आणि कंपन्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर 18 महिन्यांनी, म्हणजे मे 2027 मध्ये लागू होतील. तोवर माहिती तंत्रज्ञान कायद्याखालचे 2011 चे नियम आहेतच. बँक खातं, आरोग्याची माहिती, बोटांचे ठसे यांना ते संवेदनशील मानतात आणि त्यासाठी लेखी संमती मागतात.

नव्या कायद्यानुसार संमती मोकळेपणाने दिलेली हवी, एका ठरावीक कारणासाठी हवी, बिनशर्त हवी, आणि त्या कारणाला जेवढी लागेल तेवढ्याच माहितीपुरती ती धरली जाते. "योग्य वाटेल त्या कारणासाठी" हे काही कारण नव्हे. शिवाय "सही नाही तर नोकरी नाही" असं असेल, तर ती संमती मोकळी कशी म्हणायची?

मग कंपनीने पगार करायचा कसा? त्याची सोय कलम 7 मध्ये आहे. नोकरीच्या कामासाठी, कंपनीची गुपितं जपण्यासाठी किंवा कर्मचाऱ्याने मागितलेला लाभ देण्यासाठी लागणारी माहिती संमतीशिवाय वापरता येते. म्हणून एचआरने फॉर्म समोर ठेवून प्रत्येक रकान्याला विचारायचं, तू कशासाठी आहेस?

समजा, चाकणच्या एखाद्या कारखान्यात एक इंजिनिअर मुलगी रुजू होते आहे. पॅन हवा, कारण पगारातून कर कापायचा आहे. बँक खातं पगारासाठी, यूएएन आणि आधार प्रॉव्हिडंट फंडासाठी, नॉमिनीचं नावही त्याचसाठी. इथवर नव्या कायद्याखाली वेगळी संमती लागत नाही. तिचा फोटो कंपनीच्या जाहिरातीत छापायचा असेल, तर मात्र संमती लागते, तीही वेगळ्या कागदावर, आणि "नाही" म्हटलं तरी नोकरीवर परिणाम होता कामा नये. ती नंतर मागे घेणंही देण्याइतकंच सोपं असायला हवं. आणि सासऱ्यांचा व्यवसाय, धर्म, जात? आरक्षण लागू असलेल्या ठिकाणची गोष्ट वेगळी. एरवी खासगी कारखान्यात या रकान्यांना उत्तर नसतं. ते फॉर्ममधून काढून टाकावेत. जुन्या फॉर्मवरून नवा छापताना ते वर्षानुवर्षं तसेच पुढे येतात, एवढंच त्यांचं कारण.

आधारची झेरॉक्स ओळख पटवण्यापुरतीच हवी असेल, तर मास्क्ड आधार चालतो. त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात आणि तो यूआयडीएआयच्या संकेतस्थळावरून स्वतःला उतरवून घेता येतो.

आता माहिती बाहेर देण्याबद्दल. गळती बहुतेक वेळा चोरीतून होत नाही, घाईतून होते. बसच्या ठेकेदाराला नव्या लोकांची यादी हवी असते. त्याला लागतं काय? नाव, थांबा, मोबाइल नंबर. एचआरमधला मुलगा मात्र जी एक्सेल शीट हाताशी आहे तीच व्हॉट्सअॅपवर पाठवून देतो. तिच्यात पुढे जन्मतारीख, आधार, पगार, रक्तगट सगळं असतं. काही रकाने लपवलेले असतात, पण लपवलेला रकाना एका क्लिकवर उघडतो. नवी शीट करून तेवढेच तीन रकाने चिकटवायचे, एवढी शिस्त हवी. पगाराचं काम पाहणारी किंवा पार्श्वभूमी तपासणारी एजन्सी असेल, तर तिच्याशी लेखी करार लागतो, आणि तिच्या हातून माहिती फुटली तरी कायद्यापुढे जबाबदार कंपनीच. माहिती सुरक्षित ठेवण्यात कसूर झाली, तर दंडाची कमाल मर्यादा 250 कोटी रुपये आहे.

तसाच एक फोन येतो. "बँकेतून बोलतोय, तुमच्या अमक्याने कर्ज मागितलंय, पगार किती?" फोनवर काहीही सांगू नये. कर्मचाऱ्याची ईमेल आल्यावर त्यालाच पत्र द्यावं.

सगळ्यांत दुर्लक्षित भाग म्हणजे माणूस नोकरी सोडून गेल्यावरची फाइल. कायदा म्हणतो, कारण संपलं की माहिती पुसा, दुसऱ्या कायद्याने ठेवायला सांगितली असेल तेवढी सोडून. म्हणजे आपली इंजिनिअर राजीनामा देऊन गेली, तर तिच्या फाइलचे तुकडे पडतात. पगाराच्या नोंदी हिशेबाच्या वह्यांचा भाग, त्या कंपनी कायद्यानुसार 8 आर्थिक वर्षं ठेवाव्या लागतात. नाव, हुद्दा आणि नोकरीचा काळ ठेवावा, उद्या तिला अनुभवाचा दाखला लागेल. हजेरीच्या मशीनमधला ठसा मात्र शेवटच्या दिवशी वापरातून काढायचा. नव्या नियमांत वापरानंतर किमान एक वर्ष माहिती आणि नोंदी जपण्याची अट आहे. ती मुदत संपली की तो कायमचा पुसायचा. मेडिकल रिपोर्टचं काम तर ती रुजू झाली तेव्हाच संपलेलं असतं. फाइलमध्ये "फिट" एवढा शेरा पुरेसा आहे.

निवड न झालेल्या उमेदवारांच्या बायोडेटाला कायद्याने ठरावीक वर्षं दिलेली नाहीत. ती कंपनीने ठरवून लिहून ठेवावीत. एका जागेसाठी आलेला बायोडेटा ओळखीच्या दुसऱ्या कंपनीला परस्पर पाठवणं मात्र बसत नाही, कारण उमेदवाराने तो त्या एका जागेसाठी दिला होता.

आणि पुसलं असं म्हणताना प्रती कुठे कुठे आहेत ते शोधावं लागतं. सॉफ्टवेअरमधून नाव गेलं, तरी भरती करणाऱ्याच्या मेलबॉक्समध्ये, स्कॅनरच्या फोल्डरमध्ये, एजन्सीकडे आणि कुणाच्या तरी फोनच्या गॅलरीत तीच कागदपत्रं असतात.

या कायद्यातली एक गोष्ट मला खटकते. माझी कुठली माहिती तुमच्याकडे आहे आणि ती कुणाकुणाला दिली, हे विचारण्याचा, ती दुरुस्त करून किंवा पुसून घेण्याचा हक्क संमतीने दिलेल्या माहितीपुरताच आहे. नोकरीच्या कारणाने संमतीशिवाय घेतलेल्या माहितीला तो मिळत नाही. म्हणजे जिथे कर्मचाऱ्याची सर्वाधिक माहिती असते, तिथेच त्याचा हात सर्वांत आखूड. तक्रार करण्याचा हक्क तेवढा दोन्हीकडे आहे. म्हणून माझं एचआरवाल्यांना सांगणं आहे, कायदा मागत नसला तरी काय घेतो, कशासाठी, कुणाला देतो आणि कधी पुसतो, हे एका पानावर मराठीत लिहून पहिल्याच दिवशी द्या.

आणि ते पान मिळालं नाही, तर श्रोतेहो, तुम्ही विचारा. सध्याच्या 2011 च्या नियमांनुसार कंपनीने तक्रार निवारण अधिकारी नेमून त्याचं नाव आपल्या संकेतस्थळावर द्यायचं असतं. त्याला साधी ईमेल करा. माझी बँकेची, आरोग्याची आणि ठशांची माहिती तुमच्याकडे कोणती आहे, ती कुणाला दिलीत, आणि चूक असल्यास दुरुस्त कशी करायची, एवढंच लिहा. तक्रारीचा निकाल त्याने एका महिन्याच्या आत लावायचा असतो. ईमेलवर तारीख असतेच, ती जपून ठेवा. नमस्कार.