बाटलीवरचा टक्का आणि माणसाचं वजन

(सांगलीत तरुण डॉक्टर आणि परिचारिकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

माझी स्वतःची चूक आधी सांगतो. नुकताच प्रॅक्टिसला लागलो होतो तेव्हाची गोष्ट. तासगावकडच्या द्राक्षबागेत राबणारे एक आजोबा आले, पाठीवर आणि दंडावर मिळून चरबीच्या पाच गाठी. पोटाला चिमटा काढून जगलेला माणूस, वजन भरलं चाळीस किलो. तेही मी नंतर केलं, आधी काट्यावर उभंच केलं नव्हतं. दोन टक्के लिग्नोकेनची बाटली फोडली, दहा मिली भरून पहिल्या दोन गाठी बधिर केल्या. तिसरीला पाच, चौथीला पाच. पाचवीकडे वळलो तर आजोबा म्हणाले, "डाक्टर, जिभंला मुंग्या येत्यात, आन् कानात भुंगा घुमाय लागलाय."

सिस्टर माझ्याकडे बघत होत्या. मी हातातल्या सिरिंजकडे.

आता हिशोब मांडू. दोन टक्के म्हणजे शंभर मिलीत दोन ग्रॅम, म्हणजेच एका मिलीत २० मिलिग्रॅम. टक्क्याला दहाने गुणलं की एका मिलीतले मिलिग्रॅम मिळतात. एवढं एक ध्यानात राहिलं तरी पुरे. मी दिले होते २० मिली, म्हणजे ४०० मिलिग्रॅम. साध्या लिग्नोकेनची मर्यादा किलोला ४.५ मिलिग्रॅम, आणि माणूस कितीही वजनदार असला तरी ३०० च्या वर नाही. आजोबांना ती येते १८० मिलिग्रॅम, म्हणजे जेमतेम ९ मिली. मी दुपटीहून जास्त देऊन बसलो होतो. ३० मिलीच्या त्या बाटलीत ६०० मिलिग्रॅम असतं. साधं लिग्नोकेन घेऊन ती अख्खी बाटली कुणालाच देता येत नाही, पण टेबलावर उघडी असली की हात आपोआप तिकडे जातो.

ही ४.५ सुद्धा धडधाकट माणसाची मर्यादा आहे. ब्रिटिश पद्धतीत ३ च धरतात. म्हातारा, यकृत किंवा हृदय कमकुवत असलेला रुग्ण आणि लहान मूल यांच्यासाठी मीही ३ च धरतो, कारण औषधाचा निचरा यकृत करतं आणि तिथवर ते रक्ताने पोचावं लागतं. आजोबांना त्या हिशोबाने १२० मिलिग्रॅम, म्हणजे दोन टक्क्यांचे फक्त ६ मिली. पाच गाठींना ते पुरणार कसे?

इथेच बरेचजण घसरतात. जागा बधिर करायला औषध जितकं तीव्र हवं असं आपल्याला वाटतं, तितकं लागत नाही. त्वचेखालच्या कामाला अर्धा टक्काही चालतो. त्या ६ मिलीत १८ मिली नॉर्मल सलाईन घाला. २४ मिली झाले, औषध मात्र तेच १२० मिलिग्रॅम. पाच गाठींना प्रत्येकी जवळजवळ पाच मिली मिळाले. तेवढंच औषध मोजून भरायचं, सिरिंजवर नाव आणि टक्का लिहायचा आणि मूळ बाटली टेबलावरून उचलून ठेवायची. शेवटचं काम क्षुल्लक वाटतं, पण माझी चूक त्यानेच टळली असती.

अॅड्रेनलिन मिसळलेलं औषध असेल तर मर्यादा ७ पर्यंत जाते, कमाल ५००. रक्तवाहिन्या आकसतात, औषध रक्तात हळू शिरतं, म्हणून ही सूट. बुपिव्हॅकेनला मात्र २ च धरा, त्याचा हृदयाला धोका जास्त. दोन औषधं मिसळली तर दोघांना वेगवेगळी पूर्ण मर्यादा मिळत नाही. एकाची निम्मी वापरली तर दुसऱ्याचीही निम्मीच उरते. लठ्ठ माणसाचं मात्र काट्यावरचं वजन धरू नका, उंचीला शोभेल ते धरा.

हा सगळा हिशोब एका ठिकाणी कुचकामी ठरतो. सुई शिरेत असेल तर मर्यादेच्या कितीतरी खालचा डोसही झटका आणू शकतो. म्हणून दर वेळी सिरिंजचा दट्ट्या मागे ओढून रक्त येतं का बघायचं, थोडं थोडं द्यायचं आणि रुग्णाला बोलतं ठेवायचं. तोंडाभोवती बधिरपणा, तोंडात लोखंडासारखी चव, कानात आवाज, जीभ जड होणं, एकदम बडबड किंवा बेचैनी ही पहिली पावलं. पुढे झटके आणि त्यानंतर हृदय. क्वचित झटक्याशिवाय थेट हृदयच बिघडतं. रुग्ण आधीच झोपेच्या औषधावर असेल तर ही पावलं ऐकूच येत नाहीत.

आजोबांचं आम्ही तिथेच थांबवलं. ऑक्सिजन लावला, शीर उघडी ठेवली, झटका आला तर मिडाझोलम तयार ठेवलं. वीस टक्के लिपिड तेव्हा आमच्याकडे नव्हतंच. आज ते जवळ ठेवतो, पहिला डोस किलोला दीड मिली, म्हणजे त्यांच्यासाठी ६० मिली. तासाभरात त्यांच्या कानातला भुंगा गेला. पाचवी गाठ दोन आठवड्यांनी काढली, तेव्हा ते दारातून आत आले आणि न सांगताच काट्यावर जाऊन उभे राहिले.