फुकटचे अठरा रुपये

[पडद्यावर: निफ्टीची ऑप्शन चेन, एकाच एक्सपायरीचे पाच कॉल]

हे पाच कॉल बघा. स्ट्राइक 24,800 पासून 25,200 पर्यंत, भाव 352, 292, 251, 192 आणि 152. आकडे समजावण्यापुरते घेतलेत, पण असं चित्र बाजारात नेहमी दिसतं. पहिल्या नजरेला सगळं ठीक आहे, स्ट्राइक वाढतो तसा भाव उतरतो.

आता बटरफ्लाय लावू. 24,900 आणि 25,100 चा एकेक कॉल घ्यायचा, 25,000 चे दोन विकायचे. एक्सपायरीला यातून शून्य ते शंभर रुपये मिळतात. खिशातून काही जाण्याचा प्रश्नच नाही. अशा वस्तूची किंमत शून्याखाली जाऊ नये. इथे मात्र 292 अधिक 192, वजा 502. उणे 18!

[पडद्यावर: तिन्ही बटरफ्लाय शेजारी शेजारी]

गुन्हेगार कोणता, हे शेजारचे सांगतात. 24,900 भोवतीचा बटरफ्लाय 19, 25,100 भोवतीचाही 19. वर, खाली, वर. एकच भाव बिघडला की असाच ठसा उमटतो, कारण तो मधे असताना दुपटीने वजा होतो आणि कडेला असताना एकपटीने जमा. 25,000 चा भाव 12 रुपयांनी उतरवा, तिन्ही बटरफ्लाय 6-7 वर येतात.

कारण साधं असतं. 251 हा शेवटच्या सौद्याचा भाव. त्यानंतर निर्देशांक 24-25 अंक घसरला, पण या स्ट्राइकवर नवा सौदाच झाला नाही. खरेदी-विक्रीचे चालू भाव 236 आणि 242 आहेत. कडेचे दोन कॉल विक्रेत्याच्या भावाने, 294 आणि 194 ला घेतले आणि मधले दोन 236 ला विकले, तर उलट 16 रुपये मोजावे लागतात. फुकटचा नफा कुठेच नव्हता.

[पडद्यावर: 30 आणि 60 दिवसांच्या आयव्हीचे वक्र]

बटरफ्लायची तपासणी एकाच एक्सपायरीतली होती, कॅलेंडरची तपासणी दोन एक्सपायरींमधली. आयव्ही म्हणजे ऑप्शनच्या भावात दडलेला वार्षिक चढउताराचा अंदाज. तिचा वर्ग गुणिले मुदत, हा एकूण व्हेरियन्स मुदतीबरोबर कमी होता कामा नये. तुलना फॉरवर्डपासून, म्हणजे एक्सपायरीच्या तारखेसाठी आज धरलेल्या निर्देशांकाच्या भावापासून, सारख्याच प्रमाणात दूर असलेल्या स्ट्राइकची करायची, सारख्या आकड्याच्या स्ट्राइकची नव्हे. तीस दिवसांची आयव्ही 16 टक्के असेल, तर साठ दिवसांची 11.3 च्या खाली जाऊ शकत नाही. स्क्रीनवर 11 दिसतेय.

इथे लगेच भावावर संशय घेऊ नका. आधी पुट बघा. कॉलची आयव्ही 11 आणि त्याच स्ट्राइकच्या पुटची साडेतेरा असेल, तर भाव बरोबर आहेत, आपला फॉरवर्ड चुकलाय. साठ दिवसांच्या मुदतीत फॉरवर्ड 100 अंक जास्त धरला की कॉलची आयव्ही सुमारे सव्वा टक्का खाली येते, पुटची तेवढीच वर जाते. पुट-कॉल पॅरिटीतून, म्हणजे एकाच स्ट्राइकच्या कॉल आणि पुटच्या भावांतल्या फरकावरून, फॉरवर्ड पुन्हा काढा. दोन्ही सव्वाबाराच्या आसपास येतात आणि उल्लंघन नाहीसं होतं.

एक चोर मात्र या दोन्ही नाक्यांवरून सुटतो. सगळ्या एक्सपायरींची चेन एकदमच पाच मिनिटं जुनी असेल, तर तिचे भाव आपापसात चोख जुळतात. ती पकडायला प्रत्येक भावाची वेळच तपासावी लागते.