आठ लाखांच्या पत्रात न लिहिलेलं

पगारपत्रकं तयार करण्यात माझी बरीच वर्षं गेली, त्यामुळे ऑफरची ईमेल वाचताना माझी नजर आकड्याच्या शेजारच्या शब्दांवर जाते. गेल्या वर्षी पुण्यातल्या एका मुलीने मला तिची ईमेल दाखवली. वार्षिक सीटीसी, म्हणजे कंपनीचा तिच्यावरचा एकूण खर्च, आठ लाख. तिने बाराने भागून महिना सहासष्ट हजार धरले होते आणि त्या हिशोबाने फ्लॅटही बघून ठेवला होता.

आम्ही कागद घेऊन बसलो. आठ लाखांत 1,20,000 व्हेरिएबल, म्हणजे कमी-जास्त होऊ शकणारे, होते, आणि त्याआधी 'अप टू' हे दोन शब्द. म्हणजे ही कमाल मर्यादा झाली. किमान किती मिळणार, ते कुठेच नव्हतं. जॉइनिंग बोनसचे 60,000 याच आठ लाखांत धरलेले, म्हणजे पुढच्या वर्षी ते नाहीत. कंपनीच्या वाट्याचा पीएफ, ग्रॅच्युइटी आणि विम्याचा हप्ता मिळून 80,000. यातला पीएफ तिच्याच खात्यात जमा होतो, पण दरमहा हातात येत नाही. ग्रॅच्युइटी तर कायम नोकरीत साधारण सलग पाच वर्षं काढल्यावरच मिळते. उरले 5,40,000, म्हणजे महिना 45,000. त्यातून तिच्या वाट्याचा पीएफ 4,000 आणि व्यवसाय कर 200 वजा केल्यावर हाती 40,800. कुणी खोटं लिहिलं नव्हतं, पण फ्लॅटचं भाडं या रकमेतूनच जाणार होतं.

'कंपनीच्या धोरणानुसार' हे शब्द त्या ईमेलमध्ये तीनदा आले होते. जे धोरण तुम्हाला दाखवलेलं नाही, त्याला तुम्ही होकार देता आहात, हे मला फार खटकतं. म्हणून आम्ही उत्तरात विचारलं: व्हेरिएबल कधी देतात? त्या तारखेला नोकरीत असावं लागतं का? मधेच रुजू झालेल्याला त्या प्रमाणात मिळतं का? बोनस किती महिन्यांत नोकरी सोडल्यास परत करायचा, आणि कर कापलेली रक्कम की पूर्ण? नोटिस पीरियडचा तर उल्लेखच नव्हता.

उत्तर आलं. बोनस अठरा महिन्यांच्या आत सोडल्यास पूर्ण परत. नोटिस प्रोबेशनमध्ये तीस दिवस, नंतर नव्वद. व्हेरिएबल मे महिन्यात, तेही 31 मार्चला राजीनामा दिलेला नसेल तरच. हे फोनवर विचारलं असतं तर उत्तरं हवेत राहिली असती. आता ती लेखी होती.

एक ओळ मात्र मी तिला दोनदा वाचायला लावली: 'ही ऑफर पार्श्वभूमी पडताळणीच्या अधीन आहे.' पडताळणीत काही अडलं तर ते ऑफर मागे घेऊ शकतात, आणि तोवर तुम्ही जुनी नोकरी सोडलेली असते. तिने विचारलं, पडताळणी कधी संपेल? तीन आठवडे, असं कळलं. मग तिने रुजू होण्याची तारीख पुढे मागून घेतली आणि पडताळणी पूर्ण झाल्याची ईमेल आल्यावरच राजीनामा दिला.