कार्ड कधी स्कॅन करायचं?

मंडळी, मी आज एकाच क्षणाबद्दल बोलणार आहे. लाइनवरचा माणूस नव्या बिनमधला पहिला नग उचलतो, तो क्षण. मागणी स्थिर असलेल्या लाइनवर कानबानचं, म्हणजे बिनवरचं कार्ड स्कॅन करून पुढचा माल मागवण्याच्या पद्धतीचं, सगळं गणित त्यावर उभं असतं.

एक लाइन डोळ्यांसमोर आणा. एक ब्रॅकेट तासाला 60 लागतो, बिनमध्ये 30 बसतात, म्हणजे दर अर्ध्या तासाला एक बिन संपतो. कार्ड स्कॅन झाल्यापासून भरलेला बिन परत यायला 4 तास लागतात. या 4 तासांत 240 नग खर्च होतात. त्यावर पाव हिस्सा राखीव धरला की 300, म्हणजे 10 कार्डं. ईआरपीत, म्हणजे कारखान्याच्या संगणक प्रणालीत, हे आकडे एकदा भरले की पुढे स्कॅन बोलतं: कार्ड स्कॅन होऊन बिनची नोंद ‘रिकामा’ अशी झाली की पुरवठ्याची मागणी तयार होते, ‘भरलेला’ अशी झाली की माल जमा होतो.

आता सकाळचे 8 वाजलेत आणि दहाही बिन भरलेले आहेत. पहिला नग उचलताच कार्ड स्कॅन झालं, तर पहिला बिन 12 वाजता परत येतो. हातातला माल 1 वाजेपर्यंत पुरतो, म्हणजे एक तासाची सवड राहते.

पण स्कॅनर लांब आहे, म्हणून ऑपरेटर कार्डं खिशात साठवतो आणि 10 वाजता चार एकदम स्कॅन करतो. पहिला बिन आता 2 वाजता येणार. माल मात्र 1 वाजताच संपतो. लाइन तासभर बंद! आणि दोष कुणाला लागतो? ब्रॅकेट बनवणाऱ्यांना, ज्यांनी चार तासांचा शब्द तंतोतंत पाळलेला असतो. हे मला फार लागतं.

याचा सुगावा ईआरपीतच असतो. ‘रिकामा’ या नोंदींच्या वेळा काढून बघा. अर्ध्या-अर्ध्या तासाचं अंतर दिसायला हवं. तिथे चार नोंदी एकाच मिनिटाला दिसल्या, तर खप स्थिर आहे आणि निरोप तुंबतोय.

अशा वेळी बहुतेक जण दोन कार्डं वाढवतात. बारा कार्डांवर लाइन चालेलही, पण 60 नग कायमचे जास्त पडून राहतील आणि मागच्या विभागावर काम चार-चार बिनांच्या लोंढ्यानेच येत राहील. मी आधी स्कॅनर हलवतो. हात पोचेल इतका जवळ, बिनच्या मांडणीलाच.

कार्डं वाढवायची खरी वेळ वेगळी. खप तासाला 75 झाला, तर 4 तासांतच 300 नग संपतात आणि राखीव शून्यावर येतो. आकडे बदलून कुणी फेरहिशेब चालवल्याशिवाय कार्डांची संख्या दहाच राहते. नव्या खपाला 375 नग, म्हणजे साडेबारा बिन, अर्थात 13 कार्डं लागतात. ती वाढीव तीन कार्डं, भरलेल्या बिनांसकट, वेग वाढण्याच्या आदल्या दिवशी लाइनवर असली पाहिजेत.