महिना किती दिवसांचा?

(रुग्णांच्या नातेवाइकांना मदत करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात दिलेले व्याख्यान, थोड्या संपादनासह)

परळच्या एका मोठ्या रुग्णालयात समाजसेवा विभागात मी बरीच वर्षं काम केलं. टेबलासमोर बसणारा माणूस पहिला प्रश्न आजाराचा विचारायचा आणि दुसरा ठरलेला असायचा. "ताई, इथं जवळपास एक महिन्यासाठी खोली मिळेल का?" मी उलट विचारायचे, "महिना कुणी सांगितला?" बहुतेक वेळा कुणीच सांगितलेला नसायचा. डॉक्टर म्हणालेले असायचे, "तीस वेळा शेक घ्यायचाय." तीस म्हटलं की आपल्या डोक्यात महिना येतो. आजचं माझं सगळं बोलणं या चुकीभोवती आहे, कारण भाड्याच्या अटी इथूनच बिघडायला लागतात.

शेक, म्हणजे रेडिएशन, साधारणपणे सोमवार ते शुक्रवार देतात. शनिवार-रविवार मशीन बंद. म्हणजे तीस शेकांना सहा आठवडे लागतात, आणि तेही मध्ये काही आडवं आलं नाही तर. सण येतो, मशीन दुरुस्तीला जातं, तोंड इतकं सोलवटतं की डॉक्टरच दोन दिवस थांबवतात. शिवाय शेकाच्या आधी साचा बनवावा लागतो. तोंडाच्या किंवा गळ्याच्या रुग्णाचं डोकं हलू नये म्हणून चेहऱ्यावर घट्ट बसणारा जाळीदार मुखवटा तयार करतात, मग सीटी स्कॅन, मग आखणी. त्या आखणीला आणि मशीनवर नंबर लागायला काही दिवस जातात. त्या काळात रुग्णाला बहुधा रुग्णालयात काम नसतं, पण खोलीचं भाडं मात्र चालू असतं.

उमरग्याकडचा एक मुलगा आईला घेऊन आला होता. गालाचा कॅन्सर, ऑपरेशन झालेलं, आता शेक. भोईवाड्यात त्याला चाळीतली एक खोली सापडली. महिना अठरा हजार, डिपॉझिट पंचवीस हजार. साचा गुरुवारी होता, त्याच दिवशी त्याने सामान टाकलं. पहिला शेक लागला बाराव्या दिवशी, सोमवारी. तिथून सहा आठवडे धरले तर एक्कावन्नावा दिवस येतो. पण मध्ये एक सुट्टी आली आणि दोन दिवस मशीन बंद होतं, म्हणून शेवटचा शेक छप्पन्नाव्या दिवशी, बुधवारी झाला. सांगायचं म्हणजे, 'एक महिन्याची' खोली छप्पन्न रात्री लागली.

तिसाव्या दिवशी मालकीणबाई दारात उभ्या. त्या वाईट नव्हत्या. त्यांचं म्हणणं एवढंच की दुसरा महिना सुरू झाला, अठरा हजार द्या. मुलाचं म्हणणं, मी पुढचा पूर्ण महिना राहणार नाही. पूर्ण महिना धरला तर एकूण छत्तीस हजार. रोजचे सहाशे धरले, तर पहिले अठरा हजार आणि पुढच्या सव्वीस दिवसांचे पंधरा हजार सहाशे, म्हणजे तेहेतीस हजार सहाशे. फरक चोवीसशेचा. जेवणाचा डबा बंद करून बिस्किटांवर दिवस काढणाऱ्या माणसाला चोवीसशे म्हणजे काय असतात ते तुम्हाला मी सांगायला नको. आणि साच्यानंतर तो आईला घेऊन गावी गेला असता, अकराव्या दिवशी परतला असता, तर शेहेचाळीस रात्रींचे सत्तावीस हजार सहाशे झाले असते. त्यात रात्रीच्या बसचे पैसे धरले तरी परवडलं असतं. हे त्याला आधी कुणी सांगितलं नाही. मीही नाही, कारण तो माझ्याकडे आला तो थेट तिसाव्या दिवशी.

म्हणून फोन लावला की "भाडं किती" हा पहिला प्रश्न नसावा. पहिला प्रश्न असा: "महिना झाल्यावर आठ-पंधरा दिवस वाढले तर रोजचे किती घ्याल?" आणि दुसरा: "मध्येच जावं लागलं तर उरलेल्या दिवसांचे परत द्याल का?" हा दुसरा प्रश्न विचारायला जीभ रेटत नाही. मध्येच जाणं म्हणजे काय, हे दोघांनाही माहीत असतं. पण रुग्ण दाखल होतो, गावाजवळच्या केंद्रात शेकाची सोय होते, अशीही कारणं असतात. तेच कारण पुढे करा, मालकाला पुरतं.

केमोचं गणित वेगळं आहे. तिथे बऱ्याचदा दर एकवीस दिवसांनी एक डोस असतो आणि एका डोससाठी महिनाभर खोली घेणं वेडेपणा वाटतो. पण डोसनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवशी पांढऱ्या पेशी सर्वांत खाली जातात. तेव्हा शंभर पूर्णांक चारच्या वर ताप गेला तर थांबायचं नसतं, ताबडतोब रुग्णालय गाठायचं असतं. त्यामुळे ज्यांच्या गावापासून रुग्णालय पाच-सहा तासांवर आहे, त्यांनी निदान पहिल्या डोसनंतर जवळ राहावं. नंतरच्या डोसांना आठवडा-दहा दिवसांची सोय बघता येते, महिन्याची गरज राहत नाही.

आता कागदाचं. "अकरा महिन्यांच्या आतलं असेल तर नोंदणी लागत नाही," असं परळचा एजंटही छातीठोकपणे सांगतो. महाराष्ट्रात हे खरं नाही. आपल्याकडचा भाडे नियंत्रण कायदा १९९९ चा. त्याच्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी हवा आणि नोंदवलेला हवा, मग तो एक महिन्याचा का असेना. नोंदवण्याची जबाबदारी घरमालकाची. करार नोंदवलेला नसेल आणि वाद झाला, तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल तेच खरं धरलं जातं, मालकाने उलट सिद्ध करेपर्यंत. कायदा तुमच्या बाजूने आहे, पण महिन्यासाठी आलेला माणूस कोर्टात जाणार कधी? म्हणून याचा उपयोग भांडायला करू नका, मालकाला समजावायला करा. मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या पाव टक्का, म्हणजे अशा व्यवहारात किरकोळ. शहरात नोंदणी फी हजार रुपये, आणि घरी येऊन आधार कार्डावर अंगठे घेणारा माणूस त्याचे वेगळे घेतो. ते पैसे कोण देणार, हे आधीच बोलून घ्यायचं.

मालक स्वतः राहतो त्याच घरातली एक खोली देत असेल, तर कायद्याने तुम्ही पेइंग गेस्ट. तिथे हे कलम लागत नाही, गेस्ट हाऊस आणि धर्मशाळेलाही नाही. महिन्यासाठी येणाऱ्याला मला हाच मार्ग बरा वाटतो. घरात कुणीतरी असतं, गॅस असतो, आणि रात्री-अपरात्री बाई माणूस एकटी पडत नाही.

खरी अडचण पागडीच्या, म्हणजे सुरुवातीला एकरकमी पैसे मोजून कायम थोड्या भाड्यात राहायला घेतलेल्या खोल्यांची. परळ, लालबाग, नायगावात जुन्या चाळी आहेत, आणि खोली दाखवणारा पुष्कळदा मालक नसतो, पागडीचा भाडेकरू असतो. त्याला परस्पर दुसऱ्याला खोली द्यायचा अधिकार नसतो, म्हणून तो कागद करत नाही. ओळखायचं कसं? बेस्टचं वीजबिल मागा आणि खोली देणाऱ्याचं आधार कार्ड. नावं जुळली नाहीत तर "ही तुमची कोण?" एवढंच विचारा. उत्तर आलं "सासूबाई", तर पुढे बोला. "तुम्हाला काय करायचंय?" असं आलं तर उठा. नाव जुळलं म्हणजे मालकीच आहे असं नाही, पागडीवाल्याच्या नावेही मीटर असतं. अशा खोलीत लोक राहतात, मीही कित्येकांना पाठवलं, पण तिथे मोठं डिपॉझिट देऊ नका. चाळीचा खरा मालक उद्या आला तर तुमच्या पैशाला कुणी वाली नाही.

दलालीचं थोडक्यात सांगते. मुंबईत अकरा महिन्यांच्या घरासाठी एक महिन्याचं भाडं दलाली म्हणून देण्याची पद्धत आहे. तीच पद्धत महिन्याच्या खोलीला लावली तर खोली दुप्पट भावाने पडते. पंधरा दिवसांचं भाडं, त्याहून जास्त नाही, असं स्पष्ट म्हणा. वाढीव दिवसांवर पुन्हा दलाली नाही, हेही. आणि टोकन गुगल पेवर पाठवायचं ते तुमच्यातलं कुणीतरी खोलीत उभं राहिल्यावर. फोटो कुणाच्याही खोलीचे असू शकतात.

अंतराचा एक घोटाळा आहे, तो नकाशात दिसत नाही. टाटा, केईएम, वाडिया ही सगळी रुग्णालयं परळ स्टेशनच्या पूर्वेला. प्रभादेवीकडची खोली सरळ रेषेत अगदी जवळ दिसते. पण मध्ये रेल्वे आहे आणि तिथला जुना पूल सप्टेंबर २०२५ मध्ये पाडकामासाठी बंद झाला. टॅक्सीला दादरच्या टिळक पुलाने नाहीतर करी रोडवरून वळसा पडतो. पादचारी पुलाचे जिने चढायचे तर नाकात नळी असलेल्या माणसाला ते तीस वेळा जमणार नाही. पूर्वेकडचीच खोली घ्या, थोडी महाग पडली तरी.

आणि खोली घेण्याआधी दोन फोन करा. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा, परळचं नाना पालकर स्मृती समितीचं रुग्णसेवा सदन. रुग्ण लहान मूल असेल तर सेंट ज्यूडची केंद्रं, तिथे कुटुंबाला राहायला पैसे पडत नाहीत. जागा लगेच मिळेलच असं नाही, पण समाजसेवा विभागाचं पत्र घेऊन नाव लावून ठेवलं, तर खोलीची मुदत वाढवायच्या वेळेला तिकडे नंबर लागू शकतो. म्हणूनच रोजच्या दराची अट कामाची. महिना बांधलेला नसेल तर तुम्ही त्याच दिवशी निघू शकता.

मालकालाही भीती असते, ती मान्य करा. खोलीत काही बरंवाईट झालं तर? गावाहून दहा माणसं येऊन पसरली तर? जाणारच नाहीत तर? म्हणून फाइल लपवू नका, शेकाच्या तारखांचं कार्ड दाखवा. राहणार किती जण ते नावानिशी सांगा. त्या मुलाला मी पुढच्या खेपेला, आईच्या तपासण्यांसाठी आला तेव्हा, एक मजकूर लिहून दिला होता. तो त्याने मालकीणबाईंना व्हॉट्सॲपवर पाठवला आणि त्यांनी खाली "ठीक आहे" लिहिलं.

"काकू, मी आणि आई, दोघंच राहू. भाऊ शनिवारी येईल, रविवारी जाईल. वीस तारखेपासून पंधरा दिवस, रोजचे सहाशे. वाढले तर दोन दिवस आधी सांगेन, दर तोच. लवकर निघालो तर उरलेले परत. डिपॉझिट पाच हजार, चावी दिली की त्याच दिवशी परत. विजेचं मीटर आज ४१२६, फोटो पाठवलाय. नळी असल्यामुळे आईचं जेवण मिक्सरमधून काढावं लागतं, सकाळी सहाला आवाज होईल."

तो बारा दिवस राहिला. वीज चौऱ्याऐंशी युनिट झाली, काकूंनी तेवढे पैसे कापले आणि मिक्सर ठेवून जा म्हणाल्या, पुढच्या वेळी ओझं नको.