नवा जॉबर, जुना जॉबर आणि पगारातलं अंतर

(सोलापुरातल्या लघुउद्योजक आणि हिशेबनीस मंडळींसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, आज आपण एकच खातं घेऊन बसू. अक्कलकोट रोड एमआयडीसीतला एक टॉवेलचा कारखाना, रेपियर माग आणि त्यांवरचे सहा जॉबर. आकडे उदाहरणासाठी गोल करून घेतलेत, पण चित्र तुमच्यापैकी अनेकांच्या मस्टरमध्ये सापडेल.

पाच वर्षांपूर्वी इथे नवा जॉबर १५,००० रुपयांवर लागायचा. सात वर्षं मुरलेल्याला २०,००० मिळायचे. नंतर रेपियरवर हात बसलेली पोरं पुण्याकडे, इचलकरंजीकडे जायला लागली. माणूस मिळेना, म्हणून मालकाने नव्याचा दर दरवर्षी साधारण ६ टक्क्यांनी वाढवला आणि आज तो २०,००० वर आहे. आत असलेल्यांना मात्र वर्षाला ४ टक्के वाढ मिळत राहिली, कारण ते सोडून जात नव्हते.

आता काय झालं ते बघा. तो जुना जॉबर, ज्याची आता बारा वर्षं झाली, २४,३०० वर आला. पूर्वी त्याचं नव्याशी अंतर ५,००० रुपयांचं होतं, ते ४,३०० झालं. तक्रार बहुतेक वेळा हाच माणूस करतो आणि मालकही त्याचीच समजूत काढतो. पण खरा मार पडलाय तो पाच वर्षांपूर्वी १५,००० वर लागलेल्यांना. चार टक्क्यांनी वाढत ते १८,२५० वर आलेत. म्हणजे अंतर नुसतं कमी झालेलं नाही, ते उलटं झालंय. बीम कसा चढवायचा, फणीत तुटलेला धागा कसा ओवायचा, टॉवेलची पाइल कमीजास्त पडायला लागली तर ताण कुठे बघायचा, हे नव्याला शिकवणारा माणूस त्याच्यापेक्षा १,७५० रुपये कमी घेतोय. आणि ते त्याला कळतंच. चहाच्या टपरीवर पगाराचा मेसेज एकमेकांना दाखवला की झालं.

सरकारी नोकरीतही हे घडतं. सातव्या वेतन आयोगाने मूळ पगाराला २.५७ ने गुणून कोष्टकात बसवलं तेव्हा वेगवेगळ्या टप्प्यांवरचे लोक एकाच आकड्यावर येऊन थांबले. तिथे निदान नियम केला गेला, असे दोन टप्पे एकत्र आले की एक वेतनवाढ जास्त द्यायची. खाजगी कारखान्यात असा नियम नसतो, तो आपल्यालाच बसवावा लागतो.

सगळ्यांना सरसकट दहा टक्के वाढ हा पहिला सुचणारा उपाय आहे आणि तो इथे निरुपयोगी आहे. सगळे एकदम दहा टक्क्यांनी वर गेले तर १८,२५० वाला नव्याच्या खालीच राहतो. दुसरा उपाय, जो राजीनामा घेऊन येईल त्याचाच पगार वाढवायचा. मला हा सर्वांत अन्यायकारक वाटतो. जो गप्प बसून काम करतो त्याला त्याच्या गप्प बसण्याचा दंड होतो, आणि उरलेल्यांना राजीनामा लिहायला शिकवलं जातं.

मग करायचं काय? आधी प्रत्येकाची कामाची वर्षं मोजा, हजेरीपटावरची नव्हे. साध्या यंत्रमागावर आठ वर्षं काढून रेपियरवर चार वर्षं झालेल्याची बारा वर्षं धरायची का? माझ्या मते साध्या मागावरची वर्षं अर्धी धरावीत, कारण धाग्याची समज तिथेच येते. तुमचं मत वेगळं असू शकेल, पण हिशेब सुरू करण्याआधी ते ठरवा आणि सगळ्यांना तेच लावा. बाहेरून पाच वर्षांचा अनुभव घेऊन आलेला माणूस इथे 'नवा' नाही, त्याचीही वर्षं त्याच मापाने धरायची.

आपल्या सहा जणांत एक नवा, तिघं पाच वर्षांचे, एक नऊ वर्षांचा आणि एक बारा वर्षांचा. नऊ वर्षांचा २१,००० वर आहे. यांची सगळी वर्षं रेपियरवरचीच आहेत असं धरू. आता नव्याच्या २०,००० पासून एक रेषा काढा. पहिली पाच वर्षं दरसाल ७०० रुपये, त्यापुढे दरसाल ३५०. सुरुवातीला कौशल्य झपाट्याने वाढतं, नंतर सावकाश, म्हणून असं. या रेषेवर पाच वर्षांच्याला २३,५०० हवेत, नऊ वर्षांच्याला २४,९०० आणि बारा वर्षांच्याला २५,९५०. तूट निघते ती अशी: तिघांची प्रत्येकी ५,२५०, नऊवाल्याची ३,९००, बारावाल्याची १,६५०. सगळी मिळून महिन्याला २१,३००. जो सगळ्यांत जास्त बोलत होता त्याची तूट सगळ्यांत कमी आहे, हे कागदावर मांडल्याशिवाय दिसत नाही.

मालक म्हणतो, यंदा मला महिन्याला १२,००० च जमतील. चालेल. त्यातले ५,२५० आधी तिघांना २०,००० वर आणायला घाला, म्हणजे निदान कोणी नव्याच्या खाली राहणार नाही. उरलेले ६,७५० सर्वांच्या उरलेल्या तुटीच्या प्रमाणात, साधारण ४२ टक्के, वाटा. तिघं २१,४७० च्या आसपास येतात, नऊवाला २२,६४० वर आणि बारावाला २५,००० च्या जवळ. बाकीचं पुढच्या वर्षी.

इथे एक अडचण आहे आणि ती फार जण विसरतात. ईएसआयची मर्यादा महिना २१,००० आहे. हे तिघंही आणि नऊवालाही त्या रेषेपलीकडे जातात, म्हणजे घरच्यांचा दवाखाना सुटतो. पगार वाढला आणि बायकोच्या बाळंतपणाचा खर्च अंगावर आला, तर ही दुरुस्ती कोणाला हवी? म्हणून कारखान्याने ग्रुप मेडिक्लेम काढावा. ईएसआयचा ३.२५ टक्के मालकाचा हिस्सा वाचतोच, तो तिकडे लावावा. शिवाय ईएसआयचे हप्त्याचे कालखंड एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च असे असतात. मर्यादा मध्येच ओलांडली तर तो कालखंड संपेपर्यंत माणूस योजनेत राहतो. वाढ १ एप्रिलऐवजी मे महिन्यापासून लागू केली तर नवी पॉलिसी काढायला हातात वेळ मिळतो.

ग्रॅच्युइटीही विसरू नका. ती शेवटच्या पगारावर, १५ भागिले २६ गुणिले सेवेची वर्षं, अशी निघते. म्हणून आजची वाढ मागच्या सगळ्या वर्षांना लागते. नऊवाल्याची पूर्ण ३,९०० ची वाढ सगळी ग्रॅच्युइटीच्या पगारात धरली तर एकट्याचीच देणी २०,२५० रुपयांनी वाढतात. हे टाळायला काही जण वाढ 'विशेष भत्ता' म्हणून दाखवतात. माणूस निवृत्त होताना ते त्याच्या लक्षात येतं, आणि तोवर तुम्ही त्याला फसवलेलं असतं.

पुढच्या वर्षी नव्याचा दर पुन्हा वाढेल, तेव्हा ही रेषा वर सरकवूनच दुसरा हप्ता काढायचा, जुना आकडा धरून बसायचं नाही. आणि यापुढे नव्या माणसाला पत्र देण्याआधी हिशेबनिसाने एक ओळ लिहावी: या दराने कोण कोण खाली राहतो आणि त्यांना वर आणायला महिन्याला किती लागतात. नव्या जॉबरचा खरा खर्च २०,००० नाही, त्यात ही रक्कमही आहे. ती परवडत नसेल तर नव्याचा दर वाढवण्याआधी आतल्या एखाद्या मदतनिसाला जॉबर करता येतो का, ते बघा.